तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर उतरली, पाय का सुजले?

"डॉक्टर, आईचं हार्टचं पंपिंग कमी आहे, पण शुगर आता एकदम कंट्रोलमध्ये आली. मग पाय का सुजतायत? शुगरची कोणती गोळी हार्टला चालते?"

आधी गोळीच्या पट्टीची मागची बाजू वाचा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं. मागे बारीक अक्षरांत आतली औषधं छापलेली असतात आणि आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि तिसरं पायोग्लिटाझोन, ही जोडणी फार चालते. पेशंट म्हणतात, "शुगरची एकच गोळी आहे." त्या एका गोळीत पायोग्लिटाझोन असेल आणि हृदय कमजोर असेल, तर सुजेचं कारण तिथेच असण्याची शक्यता मोठी.

माझ्या एका पेशंट काकूंचं सांगतो. वय ६४. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आलेला, इकोमध्ये पंपिंग ३५ टक्के. घरी वजनकाटा होता आणि नात दर रविवारी आजीचं वजन वहीत लिहायची. शुगर वाढली म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे तीन औषधांची गोळी सुरू झाली. उपाशीपोटीची शुगर १९० वरून ११० वर आली. घरात आनंदच होता. वजन ५६.२ वरून आठवड्या-आठवड्याला चढत ५९ किलोवर गेलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आजारपणात झिजलेली आई आता अंगानं भरतेय. मग शेवटच्या चार दिवसांत ते एकदम ६१.४ झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "जोडवी रुतायला लागली हो, काढता येईनात." रात्री त्या तीन उशा घेऊन झोपत होत्या आणि तरी मध्यरात्री धाप लागून उठून बसत होत्या.

पायोग्लिटाझोन शुगरचं काम चांगलं करतं, हे खोटं नाही. इन्सुलिनचा असर त्यानं वाढतो. पण तेच औषध मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं आणि मिठामागे पाणी येतं. धडधाकट हृदय ते जास्तीचं पाणी निभावून नेतं. पस्तीस टक्के पंपिंगच्या हृदयाला ते झेपत नाही, मग पाणी आधी घोट्यांत आणि पुढे फुप्फुसांत उतरतं. हे एका दिवसात होत नाही, आठवडे लागतात, म्हणून नव्या गोळीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. शिवाय या औषधानं थोडी चरबीही खरोखरच वाढते, त्यामुळे गोंधळ आणखी होतो. ओळखायचं असं: चरबी सावकाश वाढते, चार दिवसांत दोन किलो चढले तर ते पाणीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. याच औषधावर भारतात जून २०१३ मध्ये बंदी आली होती, पण ती मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून. महिन्या-दीड महिन्यात ती उठली. हृदय कमजोर असलेल्यांसाठीचा इशारा मात्र वेगळा आहे आणि तो पक्का आहे.

काकूंना दाखल केलं, ती गोळी बंद केली आणि पाणी काढायला फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं दिली. नुसती लघवीची गोळी वाढवून भागलं नसतं, कारण पायोग्लिटाझोननं आलेली सूज त्या गोळीला फारशी दाद देत नाही. मूळ औषध काढावंच लागतं. नवव्या दिवशी वजन ५६.८ झालं आणि काकू एका उशीवर झोपल्या.

मग शुगरला काय दिलं? मेटफॉर्मिन चालू ठेवलं. मूत्रपिंड बरं काम करत असेल तर ते हृदयाला त्रास देत नाही. मूत्रपिंड फार कमजोर असेल किंवा पेशंट अत्यवस्थ असेल तेव्हा मेटफॉर्मिन थांबवतात. ग्लिमेपिराइड निम्मं केलं, कारण त्यानं शुगर एकदम खाली जाऊ शकते आणि कमजोर हृदयाला तो झटका नको. ग्लिप्टिन गटातल्या सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं २०१३ साली दिसलं, म्हणून ती मी अशा पेशंटला देत नाही. सिटाग्लिप्टिननं ते वाढलं नाही, पण हृदयाला फायदाही झाला नाही.

नवी दिली ती डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, सोबत थोडं मीठ आणि पाणीही जातं. २०१९ साली पंपिंग कमी असलेल्या चार हजारांहून अधिक पेशंटवर तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण दीड वर्षात हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, हे औषध नसलेल्या, नुसत्या नावाच्या गोळीवर शंभरातल्या २१ जणांना झालं, डापाग्लिफ्लोझिनवर १६ जणांना. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा तेवढाच. एम्पाग्लिफ्लोझिन तिचीच बहीण. या गोळ्यांवर लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसते. घाबरू नका, तेच तिचं काम. जांघेत खाज, बुरशी होऊ शकते, म्हणून तिथली स्वच्छता ठेवा आणि लाज न बाळगता सांगा.

घरी काय बघायचं, तर वजन रोज, आठवड्यातून एकदा नव्हे. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, साधारण तेवढेच कपडे. तीन दिवसांत दोन किलो वाढले की त्याच दिवशी फोन. पाहुण्यांच्या जेवणानंतर, पापड-लोणच्यानंतर किंवा गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळीनंतरही असं होतं, तेव्हा तेही सांगा. सुजेसाठी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबा आणि खड्डा राहतो का बघा. माणूस अंथरुणालाच असेल तर पायांऐवजी कंबरेच्या मागे दाबून बघा, पाणी तिथे उतरतं. पाय सुजणं म्हणजे दर वेळी हृदयच असं नाही. ब्लडप्रेशरच्या अॅमलोडिपिननंही घोटे सुजतात, पण त्यात बहुधा धाप लागत नाही. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पट्ट्या पिशवीत घालून दाखवायला आणा.

वजन खाली गेलं तरी कळवा, हे मात्र सांगायचं राहून जातं. डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात काकूंचं वजन ५४.९ झालं आणि उठताना चक्कर यायला लागली. पाणी गरजेपेक्षा जास्त निघत होतं. मूत्रपिंडाची तपासणी करून फ्युरोसेमाइड ४० वरून २० मिलिग्रॅमवर आणलं, चक्कर गेली.

मग नवरात्र आलं. काकू नऊ दिवस फक्त पाणी आणि एखाद्या फळावर राहणाऱ्या. मी नको म्हणालो. डापाग्लिफ्लोझिनवर असताना पोटात काहीच गेलं नाही, उलट्या-जुलाब झाले किंवा ऑपरेशन असलं, तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि त्या वेळी शुगर फार वाढलेलीही नसते, त्यामुळे ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास, एवढ्यावरच संशय घ्यावा लागतो. बराच वेळ बोलून काकू उठता-बसता उपवासाला तयार झाल्या, त्या दोन दिवशी थोडं खायचं ठरलं आणि डापाग्लिफ्लोझिन व ग्लिमेपिराइड त्या दिवसांपुरत्या बंद ठेवल्या. दसऱ्याच्या सकाळी नातीचा फोन आला: "आजी ५५.८. जोडवी सैल आहेत."