आमची वाटचाल: बारा महिन्यांच्या बेरजेने तारलं आणि त्याच बेरजेने फसवलंही

मोटर वाइंडिंगचं काम करणाऱ्यांना सांगायला नको, आपला धंदा सीझनचा. चार महिने श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नंतर दुकानात माशी हलत नाही. एका महिन्याची विक्री आधीच्या महिन्याशी ताडून बघितली की दरवर्षी एकदा आपण राजे आणि एकदा कंगाल.

आमचे भागीदार, ज्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो, त्यांनी सुरुवातीपासून लांब वहीत पेन्सिलने एक वेगळा रकाना ठेवला होता, मागच्या बारा महिन्यांची बेरीज. नवा महिना संपला की त्याची विक्री मिळवायची आणि गेल्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा. बस्स. बारा महिन्यांत प्रत्येक महिना एकदाच येतो, म्हणून सीझन आणि मंदी दोन्ही कायम आतच असतात, आणि आकडा हलला तर तो याच महिन्याने गेल्या वर्षीच्या याच महिन्याला मागे टाकलं की नाही एवढ्यावरच हलतो. नंतर मी तेच एक्सेलमध्ये आणलं, विक्री बी रकान्यात, आणि तेराव्या ओळीपासून पुढे हे खाली ओढायचं:

```
=SUM(B2:B13)
```

ही वही नसती तर आम्ही आधीच बुडालो असतो. कर्ज देणाऱ्या एका ऑफिसातल्या साहेबांनी आमचा मंदीतला महिना सीझनच्या महिन्याशी लावून 'विक्री निम्म्याहून खाली आली' असा शेरा मारला आणि आमची लिमिट अडवली. मामांनी वही पुढे केली, बेरीज 118 लाखांवरून 120 वर चढलेली होती. काम झालं, पण तो शेरा मी विसरलेलो नाही.

खरा फटका मात्र त्यानंतर बसला, आणि तोही याच आकड्याकडून. मंदीच्या एका महिन्यात एका कारखान्याची एकदाच येणारी मोठी ऑर्डर मिळाली, 12 लाखांची. त्या महिन्याची नेहमीची विक्री 5 लाख, म्हणजे महिना झाला 17 चा. गेल्या वर्षी तोच महिना 5 चा होता, तर बेरीज 120 वरून थेट 132 वर. मी खूष, नवं वाइंडिंग मशीन उधारीवर घेतलं, दोन कारागीर वाढवले.

त्याच सुमारास समोर एक नवा स्पर्धक आला. सकाळी मोटर घ्यायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा, वार्निश नीट सुकली की नाही हे बघायचाच नाही. पण गिऱ्हाईकाला घाई असते हो. आमचा प्रत्येक महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा 1 लाखाने कमी येऊ लागला, सलग अकरा महिने. बेरीज 132 वरून हळूहळू 121 वर आली आणि मी दर महिन्याला स्वतःला समजावत राहिलो की अजून 120 च्या वर आहोत, काळजी नाही. बाराव्या महिन्यात विक्री 4 लाख आणि वजा झाले 17, म्हणजे मोठ्या ऑर्डरचा तो महिना बारा महिन्यांच्या बेरजेतून बाहेर पडला. बेरीज एका झटक्यात 108. बाजारात तो समोरचा स्पर्धक सांगत सुटला की आम्ही महिन्याभरात कोसळलो. महिन्याभरात नाही, वर्षभर झिजत होतो, ऑर्डरच्या 12 लाखांनी ते झाकून ठेवलं होतं एवढंच.

पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली होती. तेव्हा आमच्या एका जुन्या पंपवाल्या गिऱ्हाईकाने पुढच्या सीझनच्या सगळ्या मोटरींचे पैसे आधीच दिले, कागदही न करता. त्यांच्यामुळे कारागीर टिकले.

तर आता आमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये दोन बेरजा असतात, एक सगळी धरून आणि एक अशी एकदाच येणारी मोठी ऑर्डर वगळून. तेव्हा दुसरी बेरीज असती तर 120, 119, 118 असं उतरताना तिसऱ्या महिन्यातच दिसलं असतं. शेजारी आणखी एक रकाना, हा महिना वजा गेल्या वर्षीचा हाच महिना, कारण बेरीज फार सावकाश वळते, सलग तीन महिने उणे दिसले की बेरीज कितीही मोठी असू दे, उठून कारण शोधायचं. कोणी विचारलं नाही तरी सांगतो, दर वाढवले असतील तर मोटरींची संख्याही याच पद्धतीने मोजा, नाहीतर मोटरी कमी होत असतात आणि रुपयांची बेरीज चढत असते.

मामा अजूनही पहिल्या तारखेला पेन्सिलनेच मिळवणं-वजा करतात आणि मी एक्सेलशी ताडून बघतो. गेल्या महिन्यात 1 लाखाचा फरक आला. मामा आधीच्या बेरजेवरून पुढे जातात, त्यामुळे जुनी दुरुस्ती त्यांच्याकडे आपोआप येत नाही. शोधल्यावर सापडलं, चार महिन्यांपूर्वीच्या बिलाची क्रेडिट नोट मी त्या जुन्या महिन्यात टाकली होती आणि त्यांना सांगायचं राहिलं होतं. त्यांनी खोडरबर काढलं आणि चारही बेरजा पुन्हा लिहिल्या.