भांड्यावरचं नाव आणि दसऱ्याचा मजकूर

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. 1974च्या दसऱ्याला ते उघडलं, त्यामुळे दसरा हाच त्याचा वाढदिवस. गेली आठ वर्षं दर दसऱ्याला दुकानाच्या फेसबुकवर आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर जातो. मी दुकानांच्या पाट्या, जाहिराती, आमंत्रणं लिहून देते. यंदा चवथ आटोपली आणि दुकानाच्या सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, ''मजकूर छोटा करून द्याल? शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. पण सासऱ्यांना त्यातलं एक अक्षर काढवत नाही.''

मजकूर मी कागदावर छापून घेतला, कारण लांब मजकुराचं दुखणं फोनवर दिसत नाही. पहिल्या वर्षी तो सात वाक्यांचा होता. पुढे दर दसऱ्याला एखाद-दोन वाक्यं वाढत गेली: दुकानाला वरचा मजला झाला, स्टीलची भांडी ठेवायला सुरुवात केली, फोनवरून पैसे घेऊ लागले. वाढलं ते राहिलं. आता एकवीस वाक्यं झाली होती. सुरुवात अशी होती: 'सन 1974 साली अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत आमच्या पूज्य वडिलांनी लावलेल्या या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.' आणि शेवट: 'आपल्या सर्वांच्या विश्वासामुळे व सहकार्यामुळेच आम्ही ही वाटचाल करू शकलो.'

पेन घेऊन मी प्रत्येक वाक्यातला कर्ता गोल करत गेले. वाक्यात कोण काहीतरी करतं, एवढंच बघायचं होतं. सोळा वाक्यांत दुकान किंवा शेटचं घर होतं, तीन वाक्यांत देवाची कृपा. गिऱ्हाइकांचा उल्लेख दोन वाक्यांत होता आणि त्या दोन्ही ठिकाणी ते काहीच करत नव्हते. त्यांचा विश्वास होता, त्यांचं सहकार्य होतं, पण त्याला '-मुळे' लागलेलं होतं. 'तुमच्या विश्वासामुळे आम्ही इथवर आलो' या वाक्यात चालत आलं कोण? आम्हीच. गिऱ्हाईक फक्त कारण होऊन बाजूला उभं राहतं. आभार मानूनही ज्याचे आभार मानले त्याला काही पोचत नाही, ते इथे. त्यात 'आपण' हा शब्द आणखी घोळ करतो. 'आपण ही परंपरा जपली' म्हटलं तर ती जपली वाचणाऱ्याने की दुकानदाराने, ते कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. शेट गल्ल्यावर होते. मी गोल केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ''बाय, बाबा ट्रंकेत भांडी घालून गावोगाव फिरले. ते काढून टाकायचं?''

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. ट्रंकेची गोष्ट खरी होती, चांगली होती, आणि ती ज्या माणसाची, त्याचा मुलगा समोर बसला होता. शब्द कमी करायचे म्हणून मी ती हातावेगळी करावी, हे मलाच पटेना. मी म्हटलं, ''काका, आधी तुमची गिऱ्हाइकं बघते. मग ठरवू.'' आणि स्टुलावर बसून राहिले.

अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. पिशवीत पितळेचं तपेलं होतं, आतली कल्हई उडालेली. कल्हईकार कधी येणार ते विचारायला आल्या होत्या. शेटनी तपेलं हातात घेतलं, फिरवलं, आणि काठाजवळ त्यांचं बोट थांबलं. तिथे नाव होतं, खाली 1981. छिन्नीने ठोकून घातलेलं, ठिपक्या-ठिपक्यांचं. ''हा बाबांचा हात,'' ते म्हणाले. नावात एक काना राहून गेला होता. आजींनी सांगितलं, ''तेव्हाच लक्षात आलं होतं. यजमान म्हणाले, परत नेऊ, घालून देतील. मीच म्हटलं, असू दे. त्यांनी उन्हात बसून घातलंय.''

चव्वेचाळीस वर्षं त्या बाईने नावातली चूक सांभाळली होती, ज्याने ठोकलं त्याच्या कष्टाची कदर म्हणून. आणि एकवीस वाक्यांच्या मजकुरात भांड्यावर नाव घालण्याचा उल्लेखच नव्हता! शेटना ते काम इतकं रोजचं वाटत होतं की इतिहासात लिहावं असं कधी सुचलंच नाही. मला मात्र माझी चाळणी मिळाली. दुकानाच्या इतिहासातलं जे गिऱ्हाइकाच्या घरात आज आहे, तेवढं ठेवायचं. वरचा मजला कोणाच्या घरात नाही. काठावरचं नाव आहे.

मग विश्वास आणि सहकार्य या शब्दांच्या जागी काय घालायचं, याचा शोध सुरू झाला. मी शेटना एकच प्रश्न विचारत राहिले: दुकानात अशी कुठली गोष्ट आहे जी गिऱ्हाइकाने सांगितली म्हणून झाली? पहिल्यांदा ते म्हणाले, तसं काही नाही. अर्ध्या तासाने म्हणाले, ''ती लहान दिवली.'' गोव्यातल्या घरांत देवापुढे लागते ती पितळेची उंच दिवली फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यात मावत नाही, वरच्या फळीला ज्योत लागते. कोणीतरी एकदा देव्हाऱ्याच्या मापाचा पुठ्ठाच कापून आणला होता. शेटनी कारागिराकडून तेवढी दिवली करून घेतली, आणि आता तीच जास्त खपते.

अशा आठवणींवर मी लगेच विसंबत नाही. सांगणाऱ्याला गोष्ट आवडू लागली की ती वाढते. सूनबाईंनी ऑर्डरच्या जुन्या वह्या काढल्या. सापडलं: 'दिवली, उंची 7 इंच, पुठ्ठ्याप्रमाणे', पुढे कवळ्यातल्या एका गृहस्थांचं नाव. कल्हईची गोष्टही अशीच निघाली. कल्हईकार वर्षातून दोनदा दुकानाच्या मागच्या अंगणात भट्टी लावतो, ते शेट स्वतःची सोय म्हणून सांगत होते. वहीत दिसलं की बांदोड्याच्या काही बायकांनी शेजारपाजारची भांडी गोळा करून एकदम आणायला सुरुवात केली होती. पाच-सहा भांड्यांसाठी कल्हईकार येत नाही. तीस-चाळीस असली की त्याचा दिवस भरतो.

दुपारी मी पहिला खर्डा केला आणि त्यात मोठी चूक केली. वहीतून अकरा जुन्या घरांची नावं काढून मी ती आभारात घातली. मला वाटलं, नाव दिलं की श्रेय दिलं. सूनबाईंनी वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, ''ही चौथी ऑर्डर लग्नाची आहे. ते लग्न टिकलं नाही. आणि बारावं घर वाचून काय म्हणेल?'' दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. फोंडा एवढा लहान आहे की अकरा नावं छापली की बाकीच्यांना आपण वगळल्याचं आधी दिसतं. शिवाय कोणी काय घेतलं, कधी घेतलं, हे दुकानाच्या वहीतलं. ते चारचौघांत मांडायचा हक्क दुकानाला नाही. नावं काढली. कृती ठेवल्या. ज्याने पुठ्ठा कापला त्याला वाचताच कळेल, आणि ते पुरे आहे. तरीही कवळ्याच्या त्या गृहस्थांना शेटनी फोन करून विचारलं. नाव नको, पण गोष्ट खुशाल लिहा, म्हणाले.

दुसरा खर्डा अगदी 'तुम्ही'मय झाला. 'तुम्ही पुठ्ठा कापून दाखवलात', 'तुम्ही भांडी एकत्र आणलीत'. मराठीत हे फार छान साधतं. क्रियापदाच्या शेवटच्या 'त'मध्येच समोरचा माणूस येऊन उभा राहतो. पण मोठ्याने वाचल्यावर ते खोटं वाटलं. पुठ्ठा एकानेच कापला होता. सगळ्यांना ते श्रेय वाटून दिलं तर ज्याचं आहे त्याचं पातळ होतं, आणि ज्याने काही केलेलं नाही त्याला ती खुशामत वाटते. म्हणून जिथे एकाने केलं तिथे एकाने, जिथे एका गावाने केलं तिथे गाव, आणि सगळ्यांनी खरंच जे केलं तिथेच 'तुम्ही' ठेवलं.

फोनवर मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्यामुळे 1974 वरून खाली नेलं आणि भांडी वर आणली. संध्याकाळी तयार झालेला मजकूर असा:

'सावई वेऱ्यापासून शिरोड्यापर्यंत कितीतरी घरांत अशी भांडी आहेत, ज्यांच्या काठावर तुमचं नाव आमच्या दुकानात घातलं गेलं. तुम्ही ती अजून वापरता.

देव्हाऱ्यात मावेल एवढी दिवली हवी, हे तुमच्यातल्या एकांनी पुठ्ठा कापून दाखवलं. आता ती आमच्याकडे कायम असते. बांदोड्याच्या बायकांनी शेजारची भांडी गोळा करून आणली, म्हणून कल्हईकार वर्षातून दोनदा इथे येतो. घरात गिझर आला तरी तुम्ही पाणी तापवायला भाण मागत राहिलात, म्हणून आम्ही ते ठेवत राहिलो.

1974च्या दसऱ्याला बाबांनी हे दुकान उघडलं. पहिली पंचवीस वर्षं नावं तेच घालत.

दसऱ्याला या. जुनं भांडं असेल तर घेऊन या, त्यावरचं नाव आम्हाला वाचायचं आहे.'

शंभराच्या आसपास शब्द झाले. 'तुमच्यामुळेच दुकान टिकलं' असं वाक्य सूनबाईंना शेवटी हवं होतं. मी नको म्हटलं, कारण दुकान टिकण्यात कर्जाचे हप्ते होते, शेटची कंबरदुखी होती. ते सगळं गिऱ्हाइकांच्या नावावर लिहिलं की वरच्या तीन खऱ्या गोष्टीही हलक्या होतात.

शेटनी मजकूर दोनदा वाचला. म्हणाले, ''बाबांची दोनच वाक्यं.'' मी काही बोलले नाही. मग त्यांनीच तपेलं परत उचललं, काठावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, ''ट्रंक इथे लिहू.'' हात गल्ल्यामागच्या भिंतीकडे होता. ट्रंकेची पूर्ण गोष्ट, एकाही शब्दाची काटछाट न करता, मी त्यांना वेगळ्या कागदावर लिहून दिली. ती आता तिथे चौकटीत आहे, खाली ती ट्रंक ठेवलेली. भांड्यावर नाव घालून होईपर्यंत गिऱ्हाईक तिथेच उभं असतं, त्यामुळे वाचायला वेळही मिळतो.

पुढच्या वर्षी मजकूर पुन्हा फुगू नये म्हणून एवढंच ठरवलं की नवं वाक्य आलं तर मधल्या तीन गोष्टींपैकी एक जाईल. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी ऑर्डरच्या वहीत शेवटच्या पानावर रकाना आखला, 'कोणी काय सांगितलं'. पहिली नोंद तपेलंवाल्या आजींची झाली. जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, कल्हईचे दिवस दुकानाच्या दारावर आधीच लिहून ठेवा, पिशवी घेऊन दोनदा यावं लागतं.