भोक आत जायचं की बाहेर यायचं?

वांगी निवडताना माझा एक पक्का नियम होता: भोक दिसलं की बाजूला. टोपीभोवती बोट फिरवायचं, उजेडात धरून बघायचं आणि गुळगुळीत, तकतकीत असतील तेवढीच घ्यायची. तरी चिरायला बसलं की त्या तकतकीतांपैकीच एखादं दगा द्यायचं.

परवाही तेच झालं. देठ धरून उभी चीर दिली, तर टोपीखालून निघालेला तपकिरी बोगदा, त्यात ओलसर काळपट भुसा, आणि भुसा संपतो तिथे दीडेक सेंटिमीटरची गुलाबीसर अळी, डोकं गरात खुपसून बसलेली. बाहेरून मात्र एक ओरखडा नाही. त्याच पिशवीत नजरचुकीने आलेलं दुसरं वांगं होतं, त्याच्या पोटाला मिरीचा दाणा सहज जाईल एवढं गोल भोक. ते चिरलं, तर बोगदा होता, भुसा होता, आणि अळीचा पत्ता नव्हता.

माझा नियम उलटा होता, हे त्या दोन वांग्यांनी शिकवलं. शेंडे आणि फळं पोखरणारी ही अळी एका लहानशा पांढुरक्या पतंगाची. तो अंडी घालतो पानांवर, कळ्यांवर, कोवळ्या फळावर. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी. ती बहुतेकदा टोपीच्या आडून फळात शिरते आणि मागचं दार स्वतःच्या विष्ठेने बुजवून टाकते. फळ वाढतं, जखम भरून येते आणि आपल्याला दिसतं ते निर्मळ वांगं. दोन-तीन आठवडे आत खाऊन पोट भरलं की ती पोखरत बाहेर येते, आणि खाली पडलेल्या पाल्यापाचोळ्यात कोश करते. म्हणजे ज्या ठळक भोकाला आपण घाबरतो, ते बहुधा निरोपाचं असतं. बहुधा म्हणायचं, कारण एका वांग्यात दोन-तीन अळ्याही असतात. एक गेली म्हणून घर रिकामं झालं असं नव्हे.

मग खायचं की टाकायचं? अळीने माणसाला काही होत नाही. ती वांग्यावर जगणारी, आपल्या पोटात तिला काही करता येत नाही. खरी अडचण भुशाची, म्हणजे तिच्या विष्ठेची, आणि तिने उघड्या केलेल्या गरात शिरणाऱ्या बुरशीची. म्हणून मी सुरीच्या टोकाने बोगद्याचा माग काढते. तो एका बाजूला, कोरडा, आणि भोवतीचा गर पांढरा, घट्ट असेल, तर अर्धं बोट जास्तीचं कापून उरलेलं भाजीत. बोगदे सगळीकडे फिरलेले, गर मऊ, पाणचट, वासाचा, तर अख्खं वांगं बाहेर. पण प्रत्येक तपकिरी डागाला कीड म्हणू नये. चिरून ठेवलेलं वांगं हवेनं काळवंडतं ते चिरलेल्या तोंडावर सगळीकडे पसरून. जून वांग्याच्या बिया तपकिरी होतात, पण बी जागच्या जागी असतं. बोगद्याला मात्र काठ असतो आणि आत भुसा असतो. अख्खी वांगी शिजवायची असतील तर देठाशी न तोडता चार चिरा देऊन आत डोकावणं, याला पर्याय नाही.

‘अळी आहे म्हणजे औषध मारलेलं नाही’ हे समाधान मी बरीच वर्षं बाळगलं. आता पटत नाही. अळी आत गेल्यावर वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तर या पिकावर पुन्हा पुन्हा फवारतात. तेव्हा अळी निघो न निघो, धुवायचं ते धुवायचंच.

पेरूचा हिशेब निराळा. तिथली पांढरी अळी फळमाशीची. तिला पाय नाहीत, उठून दिसणारं डोकंही नाही. माशी सालीत टोचून अंडी घालते, अळ्या घोळक्याने गर खातात आणि सोबत सड पसरते. त्यामुळे वांग्यासारखा एक बोगदा कापून भागत नाही. टोचल्याच्या ठिपक्याभोवती साल मऊ लागली की मी तो पेरू चाखायच्या फंदात पडत नाही. फ्लॉवर त्या मानाने सोपा: तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात ठेवले की हिरव्या अळ्या बाहेर येतात. हिरवट बारीक विष्ठा दिसलेल्या तुऱ्याचे देठ तेवढे उलटून बघायचे.

परवाच्या वांग्याची अळी मी सालींबरोबर डब्यात टाकली आणि विसरले. सकाळी डबा रिकामा करताना झाकणाच्या घडीत राखाडी धाग्यांचं एक चपटं गाठोडं चिकटलेलं दिसलं. पाचोळा मिळाला नाही, तर झाकण चालवून घेतलं बयेनं.