पन्नास हजारांचे नऊशे साठ

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, म्हणजे लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या आवकेचे दिवस. अशा वेळी अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा व्यापारी, दुकान सोडून कर सल्लागाराकडे येत नाही. अण्णा आले, ते मोबाइल पुढे धरूनच.

"मॅडम, पन्नास हजार यायचे होते. हे नऊशे साठ कसले?"

विवरणपत्र तपासून आयकर खातं पाठवतं ती इंटिमेशन होती, आर्थिक वर्ष 2023-24 च्या विवरणपत्राची. खर्च जाऊन अण्णांचं उत्पन्न सात लाखांच्या आत होतं, नव्या पद्धतीत कर शून्य, आणि 26एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात बरोबर 50,000 रुपये टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, दिसत होता. ते सगळे परत मिळायला हवे होते. विवरणपत्र मीच भरलं होतं, त्यामुळे माझ्याही पोटात गोळा आला.

हा टीडीएस कलम 194क्यूचा. 1 जुलै 2021 पासून लागू झालेला. ज्याची मागच्या वर्षीची उलाढाल दहा कोटींच्या वर आहे, अशा खरेदीदाराने एकाच विक्रेत्याकडून वर्षात 50 लाखांच्या वर माल घेतला, की वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापून सरकारजमा करायचा. अण्णांच्या नावाने एका तेल मिलला वर्षात 3 कोटी 60 लाखांचा माल गेला होता. पहिले 50 लाख सोडून 3 कोटी 10 लाखांवर 31,000 कापले. दुसऱ्या मिलला 2 कोटी 40 लाखांचा गेला, तिथे 19,000. दोन्ही मिलनी पैसे वेळेवर भरले, कापलेल्या कराचं 26क्यू विवरण वेळेवर दाखल केलं, पॅनही बरोबर. कापणाऱ्याकडून काही चुकलं नव्हतं.

घोळ होता तो 26एएसमध्ये टीडीएसच्या शेजारीच दिसणाऱ्या दुसऱ्या आकड्यात. 50,000 कापले ते 5 कोटींच्या रकमेवर. विवरणपत्रात आम्ही दाखवलेली जमा मात्र 9 लाख 60 हजार, म्हणजे फक्त अडत, अण्णांची दलाली. नियम 37बीबी नव्हे, 37बीए (या क्रमांकांत माझी अजून गफलत होते) असं सांगतो, की ज्या उत्पन्नावर कर कापला ते उत्पन्न ज्या वर्षी दाखवाल, त्या वर्षी कापलेल्या कराचं क्रेडिट मिळेल. संगणकाने त्याचं त्रैराशिक मांडलं: 5 कोटींपैकी 9.60 लाख दाखवले, तर 50,000 पैकी 960 घ्या.

"पण माल माझा होता कुठं?" अण्णा म्हणाले. "शेतकऱ्याचा माल, सौदा झाला, पट्टी केली, पैसे देऊन टाकले. मला फक्त अडत."

मुद्दा अगदी बरोबर होता. 17 मार्च 1986 च्या परिपत्रक क्रमांक 452 मध्ये हेच आहे: कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणजे त्याची अडत, मालकाच्या वतीने विकलेल्या मालाची किंमत त्यात धरायची नाही. पक्का अडत्या मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर खरेदी-विक्री करतो, त्याची सगळी विक्री उलाढालीत येते. नाव दोघांचं अडत्याच, फरक नफा-तोटा कुणाच्या खिशात जातो याचा. मी अण्णांना म्हटलं, हिशोबपट्ट्यांची सगळी बुकं आणा, पुरावा तिथेच आहे.

दुपारी पोरगा दोन गोण्या भरून बुकं ठेवून गेला. मिलची बिलं एका बाजूला, पट्ट्या दुसऱ्या बाजूला घेऊन मी आणि माझा सहायक बसलो. तारीख तीच, वजन तेच, भाव तोच. सौद्याचा पूर्ण भाव शेतकऱ्याला गेलेला. मग नोव्हेंबरच्या बुकात गाडी अडली. पट्टीवर भाव 4,650 आणि मिलच्या बिलावर 4,795. तारखांत तीन आठवड्यांचं अंतर. पुढे आणखी तसंच. असा एकूण 834 क्विंटल माल निघाला.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते होय... भाव पडला होता, घेऊन टाकला आन् गोदामात ठेवला. थोडाच की, मॅडम."

थोडाच, पण तेवढ्यापुरते ते पक्के अडत्ये होते. ती जवळपास 40 लाखांची विक्री त्यांची स्वतःची. त्यांच्या मुनीमाने त्यातला 1 लाख 20 हजारांचा फरक सरळ अडत खात्यात टाकला होता आणि मी ते खातं न तपासता उचललं होतं. नफा बदलत नव्हता, कर तेव्हाही शून्यच. पण असं मिसळलेलं खातं घेऊन "आम्ही निव्वळ कच्चे" असं सांगायला गेलो असतो, तर अधिकाऱ्याने हीच पट्टी पुढे ठेवून सगळ्याच सहा कोटींच्या विक्रीवर बोट ठेवलं असतं.

31 डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं: स्वतःची विक्री 40 लाख, अडत 8 लाख 40 हजार. जमा 48.40 लाख झाली. फेब्रुवारीत नवी इंटिमेशन आली, त्याच त्रैराशिकाने क्रेडिट 4,840 रुपये. उरले 45,160. ते मात्र खऱ्या कच्च्या अडतीचे होते आणि तिथे माघार घ्यायचं कारण नव्हतं.

तीस दिवसांच्या मुदतीत फॉर्म 35 मध्ये अपील केलं, फी 1,000 रुपये. माझा मुख्य आधार परिपत्रकापेक्षा बँकेचा उतारा होता. मिलने बिलातून टीडीएस कापून पैसे दिले, पण अण्णांनी शेतकऱ्याला पट्टीप्रमाणे पूर्ण रक्कम दिली. म्हणजे कापलेला पैसा शेतकऱ्याच्या नव्हे, अण्णांच्या खिशातून गेला. शेकडो शेतकऱ्यांपैकी कुणाच्याच 26एएसमध्ये तो दिसत नाही. अण्णांना क्रेडिट नाकारलं, तर तो कर कुणाच्याच नावावर राहत नाही.

मधल्या काळात मी मिलच्या अकाउंटंटलाही भेटले. विक्रेते शेतकरी आहेत, त्यातल्या एकाचाही माल 50 लाखांचा नाही, मग कापताच कशाला? तो हसला. "ताई, बिल तुमच्या अण्णांचं, आमच्या खतावणीत नाव अण्णांचं. उद्या कापायला हवं होतं असं ठरलं, तर खरेदीच्या तीस टक्के खर्च अमान्य होतो. 0.1 टक्क्यासाठी ती जोखीम कोण घेणार?" त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी दुसरी वाट धरली. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र पूर्वी 194क्यूला मिळतच नव्हतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून कलम 197 मध्ये त्याचा समावेश झाला. फॉर्म 13 ऑनलाइन भरायचा, प्रमाणपत्र निघालं की त्यावर मिलचा कर कापणाऱ्याचा क्रमांक म्हणजे टॅन, दर आणि रकमेची मर्यादा येते आणि ते निघाल्याच्या तारखेपासूनच चालतं. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज केला, मागच्या वर्षांचे हिशोब आणि अंदाजे अडत जोडून.

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. अण्णांच्या दुकानात आता दोन रंगांची बुकं आहेत: पिवळ्या पट्ट्या शेतकऱ्याच्या मालाच्या, गुलाबी स्वतः घेतलेल्या मालाच्या. मुनीम कुरकुरतो, की गर्दीत हात चुकीच्या बुकावर जातो. परवा गेले तर अण्णांनी गुलाबी बुक टेबलाच्या खणात कुलुपात ठेवलं होतं आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला.