परकराच्या नाडीखालची काळी खपली

ताप उतरायचं नाव घेत नव्हता. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यूही निगेटिव्ह. प्लेटलेट्स मात्र लाखाच्या खाली आणि लिव्हरचे आकडे वाढलेले. डोकं असं ठणकायचं की उजेड सहन होत नव्हता. सलाइनमधून दिलेल्या सेफ्ट्रियाक्सोननेही काही फरक पडला नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी फाइल नाही उघडली. विचारलं, "ताई, गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, गवतात गेला होतात?" गेले होते. भंडाऱ्याला माहेरी धानाच्या धुऱ्यावरून गुरांसाठी गवत आणलं होतं. मग त्यांनी पडदा ओढून काखा, स्तनांखाली, जांघा, गुडघ्यांमागे सगळीकडे नीट पाहिलं. कमरेला, बरोबर परकराची नाडी आवळते तिथे, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती, भोवती लाल कडा. ना दुखत होती, ना खाजत होती, म्हणून मला पत्ताच नव्हता. त्याच बाजूला जांघेत अवधाण मात्र आलं होतं.

हा स्क्रब टायफस. गवतातल्या माइट नावाच्या किड्याची पिल्लं, म्हणजे चिगर, डोळ्यांना जेमतेम दिसतात. ती अंगावर चढतात, कपडा घट्ट बसतो तिथे किंवा घडीत थांबतात आणि चावतात. त्यातून जंतू शिरला की साधारण सहा ते एकवीस दिवसांत ताप येतो. तोवर गवत कोणाच्या लक्षात राहतं?

रक्ताची आयजीएम एलायझा पाठवली. ती तापाच्या पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर लागतो. लवकर छडा लावायचा तर पीसीआर. पण खपली दिसल्यावर बाई रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. दोन दिवसांत ताप गेला. एलायझा नंतर पॉझिटिव्ह आली. गर्भवतीला त्या अझिथ्रोमायसिन देतात.

घरी परतले तर वहिनीलाही ताप. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, पण गवत आम्ही दोघींनी मिळून आणलं होतं. तिच्या अंगावर खपली सापडलीच नाही; कित्येकांना ती नसतेच. तरीही तिची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. बाईंनी तिला सांगितलं ते सगळ्या गावाला कळावं असं वाटतं: ऑगस्ट ते नोव्हेंबरात पाच दिवसांच्या वर ताप राहिला आणि कारण सापडलं नाही, तर खपली असो-नसो, स्क्रब टायफसची तपासणी मागा. धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले किंवा माणूस बरळू लागला, तर तपासणीचीही वाट न पाहता दवाखान्यात भरती करा.