लोककथांच्या मालिकेसाठी टॅगलाइन ठरवताना

काम होतं मुलांच्या पुस्तकांच्या एका प्रकाशकाचं. मराठी लोककथा नव्याने सांगणारी आठ पुस्तकांची मालिका, प्रत्येक पुस्तक 24 पानी, पिनांच्या बांधणीचं, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. मालिकेचं नाव ठरलं होतं, ‘गोष्टींची कणगी’. नावाखाली बसेल अशी एक ओळ माझ्याकडून हवी होती. असं काम कुणाकडे आलं तर उपयोगी पडावं, म्हणून ते कसकसं होत गेलं ते लिहितो.

आधी मागवल्या त्या आठही संहिता, पक्क्या झालेल्या. प्रकाशकांना हे जरा जड जातं, कारण त्यांना ओळ कॅटलॉगसाठी हवी असते आणि कॅटलॉग नेहमी संहितेच्या आधी छापायला जातो. पण ‘नव्याने सांगितलेल्या’ म्हणजे नेमकं काय केलंय, हे कळल्याशिवाय ओळ लिहिली की ती खोटी पडते. चिऊ-काऊच्या गोष्टीत शेवटी काऊला चटका बसतो. तो ठेवलाय की काऊला गरम वरणभात देऊन सगळं गोड केलंय? गोड केलं असेल, तर ‘जशा ऐकल्या तशा’ ही ओळ बाद. भाषा तेवढी सोपी केली असेल आणि बाकी काहीच हललं नसेल, तर ‘नव्या रंगात’ बाद. या आठ पुस्तकांत घटना जुन्याच होत्या, शेवटही तेच. बदललं होतं ते सांगणं. वाक्यं छोटी, पालुपदं पुन्हा पुन्हा येणारी, आणि मजकूर मोठ्याने वाचायलाच लिहिलेला.

म्हणून कागदावर एकच वाक्य लिहून ते संपादकांकडून पक्कं करून घेतलं: ‘ही पुस्तकं मोठ्यांनी मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचायची आहेत.’ पुढची प्रत्येक ओळ या वाक्याला लावून बघायची. हे वाक्य आधी पक्कं झालं नाही, तर बैठकीत प्रत्येक जण स्वतःच्या आवडीवर बोलत राहतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याची ओळ छापली जाते.

पहिल्या फेरीत डोक्यात असलेलं सगळं मी लिहून काढतो, चांगलं-वाईट न बघता. ‘आजीच्या गोष्टी, नव्या रूपात’, ‘लोककथांचा खजिना’, ‘जुन्या गोष्टी, नवी मजा’, ‘मातीतल्या कथा’. या येणारच, त्यांना येऊन जाऊ द्यायचं. त्यांच्यातला दोष असा की त्या दुसऱ्या कुठल्याही प्रकाशकाच्या पुस्तकावर तशाच्या तशा चालतात. मी तपासतो ते एवढंच: मालिकेचं नाव झाकून ओळ वाचायची. पंचतंत्रावर, परीकथांवर, अगदी बोधकथांच्या स्वस्त संचावरही ती शोभत असेल, तर ती काढायची. ‘संस्कारक्षम’ हा शब्द विक्री विभागाकडून हमखास येतो. तो पालकाला पटतो, पण या गोष्टींत तो बसत नाही. भोपळ्यात बसून वाघाला गंडवणारी म्हातारी कोणते संस्कार करते, हा प्रश्न मी विचारला आणि त्यावर तो शब्द मागे पडला.

दुसऱ्या फेरीत गोष्टींच्या आतलं सामान बाहेर काढलं. सुरुवातीचे ठेके, शेवटचे ठेके, पालुपदं, आणि गोष्ट चालू असताना ऐकणारा काय करतो, ते. मराठीत हे भांडार मोठं आहे. ‘आटपाट नगर होतं’, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’, ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’, उंदराच्या टोपीचं ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’. मोह होतो यांतलंच एखादं उचलण्याचा. पण ‘टुणुक टुणुक’ ही एका पुस्तकाची ओळ आहे, उरलेल्या सात पुस्तकांवर ती उपरी वाटते. ‘साठा उत्तराची’ ही व्रताच्या कहाण्यांची सांगता आहे. ती दिसली की आजी-आजोबांना शुक्रवारची कहाणी आठवणार आणि त्यांना आत देवाची गोष्ट हवी असणार. ‘आटपाट नगर’ इतक्या ठिकाणी वापरून झालंय की वेगळी ओळख उरत नाही.

शेवटी हाताला लागलं ते गोष्टीच्या बाहेरचं होतं. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणत राहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. हुंकार थांबला की सांगणारा समजतो, पोरगं झोपलं. कापूसकोंड्याच्या गोष्टीची सगळी गंमत याच हुंकारावर उभी आहे. मूल काहीही म्हणो, ‘हं काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ हेच परत येतं. ‘हं’ कुठल्या एका गोष्टीचा नाही, आठही पुस्तकांना लागू पडतो, आणि मोठ्याने वाचण्याशी थेट बांधलेला आहे. कागदावरच्या वाक्याला लावून बघितलं, बसला.

पहिलं रूप झालं ‘हं म्हण, पुढे सांगते’. कानाला फार गोड. अडचण ‘सांगते’ची. बाबा किंवा आजोबा वाचत असतील तर? ‘सांगतो’ केलं की आजी जाते, आणि ‘सांगते/सांगतो’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं तर ते सरकारी अर्जासारखं दिसतं. क्रियापद ऐकणाऱ्याकडे वळवलं की लिंगाचा प्रश्नच सुटतो: ‘हं म्हण, पुढे ऐक’. बोलताना पाचच ठोके, दोन सारखे तुकडे, दोन्हीकडे आज्ञार्थ. विक्री विभागाला ‘हं म्हणा, पुढे ऐका’ हवं होतं, आदरार्थी. मी ते नाकारलं, कारण त्या रूपात ओळ गिऱ्हाइकाला उद्देशून झाल्यासारखी होते आणि किराणा दुकानाच्या पाटीकडे झुकते. मुलाला ‘तू’च म्हणायचं असतं. वर्गात शिक्षिका सगळ्यांना वाचून दाखवते तेव्हा ती आपोआप ‘म्हणा’ करते, त्यासाठी छापायची गरज नाही.

मग मुलांसमोर. इथे लोक एक चूक करतात, ‘आवडली का?’ असं विचारतात. मूल ‘हो’ म्हणतं आणि आपण खूश होतो. मी दोन ओळींची दोन कच्ची मुखपृष्ठं छापून घेतो, चित्र तेच, ओळ वेगळी, आणि विचारतो, ‘आत काय असेल?’ ‘लोककथांचा खजिना’वाल्या मुखपृष्ठावर मुलं सोन्याची नाणी आणि चाचे म्हणाली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ‘हं म्हण’वाल्या मुखपृष्ठावर बरीचशी मुलं आधी ‘हं’ म्हणाली आणि मग उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक न दाखवता शिक्षिकेने विचारायचं, ‘काल त्यावर काय लिहिलं होतं?’ जी ओळ मुलं जशीच्या तशी म्हणतात ती ठेवायची. मुलं शब्द बदलून म्हणत असतील तर त्यांचे शब्द लिहून घ्यायचे, कारण अनेकदा तेच जास्त चांगले असतात.

या ओळीने संपादनावरही एक काम टाकलं. मुखपृष्ठावर ‘हं म्हण’ छापून आत हुंकाराला जागाच नसेल, तर ओळ फसवी. म्हणून संपादकांनी पानं कुठे संपतात ते पुन्हा पाहिलं. भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी वाघाला सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ लठ्ठ होईन’, आणि पुढे ‘मग मला खा’. आधी हे सगळं एका पानावर होतं. ‘लठ्ठ लठ्ठ होईन’ला उजवं पान संपवलं आणि ‘मग मला खा’ उलटलेल्या पानावर नेलं. पान उलटण्याआधी वाचणारा आपोआप थांबतो, आणि मूल ‘हं’ म्हणतं किंवा वाक्य स्वतःच पुरं करतं. 24 पानांत अशा पाच-सहा जागा पुरतात. प्रत्येक पानाला थांबा ठेवला की गोष्ट अडखळते.

आता मांडणी. ओळ चांगली असूनही इथे बिघडते, आणि बिघडलेली कुणाच्या लक्षात येत नाही. ‘हं’वरचा अनुस्वार हा एक बारीक ठिपका आहे. चार रंगांच्या चित्रावर पांढरी अक्षरं काढली आणि छपाईत रंगांच्या पाट्या केसभर सरकल्या, की तो ठिपका भरून जातो आणि ‘ह म्हण’ उरतं. त्यामुळे ओळ चित्रावर न ठेवता सपाट पट्टीवर घेतली. मुखपृष्ठावर 16 पॉइंट आणि जाड वळणात, मलपृष्ठावर 12 पॉइंट काळ्या एकाच शाईत. पिनांच्या बांधणीला कणा नसतो, तेव्हा तिथली चिंता नाही.

दुसरं, अक्षरांतलं अंतर. रोमन अक्षरांची सवय असलेले कलाकार ओळ ऐसपैस दिसावी म्हणून ट्रॅकिंग वाढवतात. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते, प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं. ट्रॅकिंग शून्य ठेवायचं, मोठं दिसायला हवं असेल तर आकार वाढवायचा. तिसरं, ‘म्ह’. InDesign मध्ये World-Ready Paragraph Composer निवडलेला नसेल, तर ‘म्ह’ सुटून म, पाय मोडल्याची खूण आणि ह असा दिसतो, आणि ‘चिऊ’सारख्या शब्दात पहिली वेलांटी जागा सोडते. आपल्या संगणकावर नीट दिसलं म्हणून सोडू नये. छापखान्याला पाठवायच्या पीडीएफमध्ये अक्षरं आउटलाइन करून घ्यावीत, आणि कागदी प्रूफावर भिंगातून फक्त तीन जागा पाहाव्यात: ठिपका, ‘म्ह’ आणि ‘ऐ’वरची मात्रा.

मोबाइलवर ऑनलाइन दुकानात पुस्तक अंगठ्याएवढं दिसतं, तिथे ही ओळ वाचता येत नाही. त्यासाठी ती मुखपृष्ठावर मोठी करण्याची मागणी येते. ती मान्य केली तर ओळ गोष्टीच्या नावाशी भांडते. त्याऐवजी पुस्तकाच्या वर्णनाचं पहिलं वाक्य म्हणून ती मजकुरात टाकली.

छापण्याआधी शोध घेणं आलंच. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग 16 मध्ये, म्हणजे छापील साहित्यात, ओळ आणि मालिकेचं नाव दोन्ही देवनागरीत आणि रोमनमध्ये टाकून पाहिली. मग ऑनलाइन पुस्तक दुकानं, जाहिराती, गाणी. नोंदणीबद्दल प्रकाशकांची अपेक्षा बहुतेक वेळा फार असते. 1999 च्या कायद्यातलं कलम 9 निव्वळ वर्णन करणाऱ्या चिन्हांना अडवतं, त्यामुळे ‘लोककथांचा खजिना’सारखी ओळ स्वतःच्या मालकीची करणं अवघडच. मोजके पैसे असतील तर ते मालिकेच्या नावासाठी ठेवा, असं मी सांगितलं. ओळ पुढे बदलू शकते, नाव सहसा बदलत नाही. जुन्या संग्रहातून पालुपद घेत असाल तर वेगळी काळजी: लोककथा सगळ्यांची, पण संग्राहकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुरावर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणून आठही पुस्तकांतली पालुपदं एकाच छापील संग्रहातून न उचलता, वेगवेगळ्या सांगणाऱ्यांकडून ऐकून, संपादकांनी एका तक्त्यात नोंदवली. कोणतं रूप कुठल्या भागातलं, हे त्यात आहे. तो तक्ता प्रकाशकाच्या फाइलमध्ये ओळीच्या अंतिम मांडणीशेजारीच ठेवला, कारण पुढची पुस्तकं दुसरा संपादक करणार आहे.