कार्ड खिशात होतं, लायसन नव्हतं

गेली अठरा वर्षं मी तालुक्याच्या गावी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. दोन छोट्या गाड्या आहेत, एक जुना ट्रक आहे आणि बसस्टँडमागे टिनाच्या छपराखाली एक वर्गखोली. लोकांना वाटतं आमचं काम स्टिअरिंग शिकवण्याचं. खरं तर अर्धा दिवस कागद वाचण्यात जातो, तेही दुसऱ्यांचे. हा किस्सा अशाच एका कागदाचा आहे. तो मी वेळेवर नीट वाचला असता तर एका माणसाची दोन महिन्यांची मजुरी वाचली असती.

माणूस ट्रकड्रायव्हर, वय सेहेचाळीस. बावीस वर्षं दहाचाकी चालवतो. कापसाच्या गाठी, तुरीचे पोते, हंगाम नसला की सिमेंट. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिंगवर माल उतरवून रिकामा परत येत होता. फाट्यावर वेचणीच्या बाया उभ्या होत्या, अंधार पडत आला होता, शेवटची एसटी निघून गेलेली. त्यानं चौदा बायांना मागं डाल्यात बसवलं. पैसे घेतले नाहीत असं तो सांगतो आणि माझा विश्वास आहे. पण मालवाहू गाडीत माणसं बसवणं हे भाड्यानं असो की फुकट, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मधल्या, लायसन निलंबित करायच्या कारणांच्या यादीत बसतंच. पुढं आठ किलोमीटरवर परिवहन खात्याचं वायुवेग पथक उभं होतं.

चालान भरलं आणि तो विसरला. परिवहन कार्यालय विसरलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली लायसन निलंबित करण्याआधी धारकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून कारणे दाखवा नोटीस निघाली. ती गेली लायसनवरच्या पत्त्यावर. ते गाव धरणात जाऊन बारा वर्षं झालीत. नोटीस परत आली, सुनावणीला कोणी हजर नाही असा शेरा पडला आणि १२ जानेवारी २०२४ ला तीन महिन्यांच्या निलंबनाचा आदेश झाला. आदेश मात्र पोचला, कारण तेवढ्यात पोस्टमन बदलला होता आणि नवा पोरगा पुनर्वसन कॉलनीतलाच होता. हा योगायोग दोन महिने आधी घडला असता तर सुनावणीत काही बोलता आलं असतं. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं, पण त्याला ते कोणी सांगितलं नाही.

त्यानं मला फोन केला होता. मला तो फोन चांगला आठवतो, मी तेव्हा हायवेवर एका मुलीला रिव्हर्स शिकवत होतो. तो म्हणाला, "मास्तर, तीन महिन्याचं सस्पेन्शन आलं. काय करू?" मी म्हणालो, "तीन महिने गाडीले हात लावू नको, मंग काही नाही. आपोआप उघडते."

आपोआप उघडत नाही. मला ते माहीत असायला हवं होतं. जुन्या पद्धतीत मुदत संपली की कार्ड परत मिळायचं, विषय संपला. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९ मध्ये नवी पोटकलमं घातली. निलंबनाची मुदत संपली तरी धारकानं उजळणी प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याशिवाय लायसन परत द्यायचं नाही, आणि हे प्रशिक्षण परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलमध्येही घेता येतं. म्हणजे माझ्याच स्कूलमध्ये. ते तीन महिन्यांच्या आतही उरकता आलं असतं. मी त्याला फोनवर पाठवून दिलं, आणि ज्या वर्गात तो बसायला हवा होता तो माझ्याच टिनाखाली रिकामा पडला होता.

तीन महिने त्यानं गाडी खरंच बाजूला ठेवली. शेतात राबला. एप्रिल २०२४ पासून परत ट्रकवर. कार्ड त्याच्याकडेच होतं, आदेशात जमा करा लिहिलं असूनही कोणी मागितलं नव्हतं. कार्ड खिशात आहे म्हणजे लायसन चालू आहे, असं त्याला वाटलं आणि मालकालाही. खरं लायसन आता सरकारच्या ऑनलाइन नोंदीत, सारथी प्रणालीत असतं, खिशातलं फक्त प्लास्टिक आहे. चौदा महिने तो असाच चालला. अपात्र असताना गाडी चालवली की कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्या चौदा महिन्यांत कुठे कोणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीनं भरपाई मालकाकडून वसूल करायला किती वेळ लावला असता, हे मी अजून रात्री मोजतो.

जून २०२५ मध्ये एका नव्या ट्रान्सपोर्टवाल्यानं कामावर घेण्याआधी ऑनलाइन तपासलं आणि निलंबन दिसलं. हा ड्रायव्हर माझ्याकडे आला तेव्हा त्याला आधी एक दलाल भेटून गेला होता. दलालाचं म्हणणं, लायसन रद्द झालं, लर्निंगपासून नवीन काढावं लागते, वीस हजार लागतील. ह्या लोकांना रद्द आणि निलंबित यातला फरक कळत नाही असं नाही. चांगला कळतो, म्हणून तर ते सांगत नाहीत.

फरक असा आहे. रद्द झालं म्हणजे लायसन संपलंच. पुन्हा लर्निंग, पुन्हा परीक्षा, आणि पूर्वी लायसन रद्द झालेल्याला नवीन नाकारायचा अधिकारही कार्यालयाला आहे, कारणं लिहून. दारू पिऊन चालवल्याबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर कोर्ट लायसन रद्दच करतं. कोर्टानं कलम २२ खाली नुसतं निलंबित केलं असेल तर मुदत संपल्यावर ट्रायल, म्हणजे गाडी चालवून दाखवायची परीक्षा, नव्यानं द्यावी लागते आणि डॉक्टरचा दाखलाही लागतो, त्याशिवाय कार्ड परत नाही. याचं निलंबन मात्र परिवहन कार्यालयाचं, कलम १९ चं होतं. तिथे प्रशिक्षण लागतं, ट्रायल लागत नाही.

हे सगळं मी त्याला मोठ्या रुबाबात समजावून सांगितलं. मग कार्ड हातात घेतलं आणि गप्प झालो.

कार्डावर दोन मुदती असतात. एक खासगी वाहनांची, ती त्याची २०२९ पर्यंत होती. दुसरी परिवहन वाहनांची, ती पाच वर्षांची असते. तिची तारीख होती ४ मार्च २०२४. निलंबन चालू असतानाच संपलेली. निलंबन उठेपर्यंत नूतनीकरण होत नाही, आणि निलंबन उठवायला कोणी गेलंच नाही. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण नुसतं कागदावर होतं. वर्ष उलटलं की ट्रायल. ही मर्यादा आधी पाच वर्षांची होती, २०१९ नंतर एक वर्ष. ४ मार्च २०२५ गेला होता. आम्ही बोलत होतो तो जून होता.

म्हणजे निलंबनामुळे ज्याला ट्रायल लागत नव्हती, त्याला माझ्या 'आपोआप'मुळे ट्रायल लागली. गंमत अशी की मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. तो २०२३ च्या दिवाळीत आला असता तरी चाललं असतं.

(लहान पिकअपवाला असता तर हा प्रश्नच आला नसता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन असलेला साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं परिवहन वाहन चालवू शकतो. याची दहाचाकी त्यात बसत नाही.)

आधी माझ्याकडे वर्ग केला. बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस बेंचवर बसून सिग्नलचे चार्ट बघत होता, आणि मागच्या बेंचवरची अठरा वर्षांची पोरं त्याच्याकडे बघत होती. प्रमाणपत्र, आदेशाची प्रत आणि अर्ज कार्यालयात दिला. ऑनलाइन निलंबन उठायला एकोणीस दिवस लागले, कारण मूळ फाइल रेकॉर्डमध्ये सापडत नव्हती. आम्हाला एक वर्षाचा नियम दिवस मोजून लागू होतो, त्यांच्या एकोणीस दिवसांना नियम नाही. त्यानंतर नमुना १-अ मधला डॉक्टरचा दाखला आणि नूतनीकरणाचा अर्ज. ट्रायल त्याच वर्गाच्या वाहनावर द्यावी लागते, म्हणून माझा जुना ट्रक घेऊन आम्ही जिल्ह्याला गेलो.

तो नापास झाला.

मला धक्का बसला नाही. जुने ड्रायव्हर ट्रायलमध्ये पडतात ते गाडी येत नाही म्हणून नाही, गाडी जास्त येते म्हणून. चढावर थांबून परत निघायचं असतं, गाडी मागे न सरकता. नियमाला हँडब्रेक किंवा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांचा योग्य वापर हवा असतो. हा हाफ क्लचवर ट्रक धरून ठेवतो, घाटात त्यानं जन्मभर तेच केलं. माझ्या ट्रकचा क्लच त्याच्या ओळखीचा नव्हता. गाडी हातभर मागे आली. तेवढ्यावरच निभावलं असतं की नाही सांगता येत नाही, पण रिव्हर्सला त्यानं सवयीनं दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि अर्धा बाहेर लटकून मागे बघत ट्रक घेतला. चुन्याच्या रेषेला चाक लागलं नाही, एक इंचही नाही. मी मनात म्हणालो, वा. निरीक्षक मॅडमनी हातातल्या कागदावर खूण केली.

"आरसे कशाला आहेत काका?" त्यांनी विचारलं.

"आरशात पोरगं दिसत नाही मॅडम, मागं बसलेलं असलं त," हा म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मॅडमचंही नव्हतं, उघड्या दारानं किती क्लीनर आणि ड्रायव्हर चेपलेत हे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिलं असणार.

नापास झालं की सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा पडला तर साठ दिवस वाट बघावी लागते. ते सात दिवस मी रोज संध्याकाळी बाजार समितीच्या मोकळ्या जागेत त्याला आरशावर रिव्हर्स घ्यायला लावलं. डावीकडचं दार मी दोरीनं बांधलं आणि उजवीकडच्या दाराला टेकून स्वतः पायरीवर उभा राहिलो, म्हणजे त्याला उघडताच येऊ नये. तिसऱ्या दिवशी तो चिडला. "मास्तर, बावीस वर्षांत म्या कोणाले धक्का लावला काय?" मी म्हणालो, नाही. "मंग?" मंगचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, हँडब्रेक ओढ आणि पुन्हा घे.

मधल्या काळात एकदा त्यानं विचारलं, अगदी सहज, बिडी पेटवताना, "तुमी त तवा आपोआप होते म्हनले होते नं?" मी हो म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही. फी मी घेतली नव्हती, ती त्यानं जाताना माझ्या बायकोच्या हातात दिली. परत करायला गेलो तर घेईना.

दुसऱ्या ट्रायलला चढावर ट्रक खिळल्यासारखा थांबला. रिव्हर्स आरशात बघून घेतला, थोडा वाकडा आला, पण रेषेच्या आत. मॅडमनी पास केलं. आम्ही निघालो तर फाटकापाशी दुसऱ्या स्कूलची जीप आडवी लागलेली, ट्रक थोडा मागे घ्यावा लागणार होता. मी आरशाकडे बोट दाखवेपर्यंत त्यानं दार उघडलं होतं, पाय पायरीवर होता, आणि मान बाहेर काढून तो मागं कोणी आहे काय ते बघत होता.